राउटरचा ॲडमिन पासवर्ड विसरल्यास: रिसेटचे बटण दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर

राउटरच्या सेटिंगच्या पानावर पासवर्ड नाकारला जातो आणि पुढे काही मार्ग दिसत नाही, तेव्हा बहुतेक जण राउटरच्या मागच्या बाजूचे छोटे छिद्र शोधतात. बटण दाबले की पासवर्डचा प्रश्न सुटतो हे खरे आहे. परंतु त्याच क्षणी इंटरनेट बंद पडते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारी माहिती फक्त त्या राउटरमध्येच साठवलेली होती, हे नंतर ध्यानात येते. म्हणून येथे भर बटणावर नसून, ते दाबण्यापूर्वी कोणती माहिती हाती असली पाहिजे आणि राउटर कुलूपबंद असतानाही ती बाहेरून कशी मिळवता येते, यावर दिला आहे.

आधी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. राउटरशी तीन वेगवेगळे पासवर्ड निगडित असतात. पहिला वायफायचा, जो फोन जोडताना लागतो. दुसरा ॲडमिनचा, जो सेटिंगचे पान उघडताना लागतो. तिसरा, काही जोडण्यांमध्ये, राउटरने सेवा पुरवठादाराकडे स्वतःची ओळख पटवण्यासाठी वापरलेला पीपीपीओईचा पासवर्ड, जो वापरणाऱ्याला एरवी कधीच टाकावा लागत नाही. वायफायचा पासवर्ड विसरला असेल तर रिसेटची काहीच गरज नाही, कारण तो आधीच जोडलेल्या संगणकात किंवा फोनमध्ये पाहता येतो. ॲडमिनचा विसरला असेल तरच पुढचा मजकूर लागू पडतो, आणि त्यातही खरी अडचण तिसऱ्या पासवर्डची असते.

पासवर्ड खरोखर हरवला आहे का

चुकीचा पासवर्ड काही वेळा टाकल्यावर अनेक राउटर प्रवेश काही काळ रोखून धरतात. त्या अवधीत बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि आपली आठवणच चुकीची आहे असा समज होतो. राउटरचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू केल्यास हा अडसर बहुधा निघतो. त्यानंतर शांतपणे, एकेक पर्याय नोंदवत प्रयत्न करावा.

ज्या संगणकावरून हे पान पूर्वी उघडले होते, त्याच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड जपून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी असते. क्रोममध्ये `chrome://password-manager/passwords` आणि फायरफॉक्समध्ये `about:logins` हा पत्ता उघडून, तेथे संकेतस्थळाच्या नावाऐवजी राउटरचा पत्ता, म्हणजे `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` यांसारखा आकडा शोधावा. नाव शोधणाऱ्याला ही नोंद सापडत नाही, हे लोकांच्या हातून सहज निसटते. राउटर बनवणाऱ्या कंपनीचे ॲप एखाद्या फोनमध्ये अजून लॉग-इन अवस्थेत असेल, तर तेथून सेटिंग पाहता येतात आणि काही ॲपमधून पासवर्डही बदलता येतो.

राउटरखालचे लेबल वाचून पाहावे. परंतु त्यावर छापलेला पासवर्ड हा कारखान्यातून आलेला असतो आणि तो कोणी बदलला नसेल तरच चालतो. अलीकडच्या पुष्कळ राउटरना असा ठरावीक पासवर्ड नसतोच. पहिल्यांदा पान उघडताना तो आपल्यालाच तयार करावा लागतो, त्यामुळे अशा राउटरवर `admin` आणि `admin` ही युजरनेम-पासवर्डची जोडी वापरून पाहण्यात वेळ जातो.

राउटर सेवा पुरवठादाराने दिलेला असेल, विशेषतः फायबरची तार थेट त्याच्यातच जात असेल, तर बटणाला हात लावण्यापूर्वी पुरवठादाराला फोन करावा. अशी उपकरणे ते दुरून सांभाळू शकतात आणि पासवर्ड तेथूनच बदलून मिळतो. उलट अशा उपकरणाच्या काही प्रकारांत रिसेटमुळे फायबरच्या जाळ्यावरची नोंदणीची माहितीही पुसली जाते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज राहत नाही.

काय पुसले जाते

रिसेटने राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाच्या सेटिंगवर परत जातो. ॲडमिन पासवर्डबरोबर वायफायचे नाव व पासवर्ड, पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय, राउटरचा स्वतःचा बदललेला पत्ता, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला नेमून दिलेले आयपी पत्ते, पोर्ट फॉरवर्डिंग, मुलांसाठी लावलेले निर्बंध, बदललेला डीएनएस हे सारे जाते. राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिज म्हणून लावलेला असेल, तर ती रचनाही मोडते आणि तो पुन्हा पूर्ण राउटरसारखा वागू लागतो.

यांपैकी बहुतेक गोष्टी थोडा वेळ देऊन पुन्हा भरता येतात. ज्यावाचून इंटरनेटच चालत नाही अशा गोष्टी थोड्या आहेत: जोडणीचा प्रकार, पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड, काही ठिकाणी व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरची वाहतूक वेगळी ओळखण्यासाठीचा क्रमांक, स्थिर आयपी असल्यास त्याचे आकडे, आणि कधीकधी वॅन पोर्टला, म्हणजे पुरवठादाराची तार लागते त्या पोर्टला, दिलेला दुसऱ्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची कारखान्यातच ठरलेली ओळख.

फर्मवेअर, म्हणजे राउटरचे स्वतःचे सॉफ्टवेअर, मात्र पुसले जात नाही. ते अद्ययावत केलेले असेल तर रिसेटनंतरही नवीच आवृत्ती राहते. त्यामुळे जुन्या माहितीपुस्तिकेत लिहिलेला मूळ पासवर्ड नव्या फर्मवेअरवर चालेलच असे नाही. उपकरणाचा मूळ मॅक पत्ता आणि अनुक्रमांकही तसाच राहतो.

कुलूपबंद राउटरची जोडणी बाहेरून ओळखणे

आता मुख्य प्रश्न. राउटर कोणत्या पद्धतीने इंटरनेटशी जोडलेला आहे हे त्याचे पान न उघडता कसे कळावे? इंटरनेट चालू असेपर्यंतच हे तपासता येते, म्हणून रिसेटची घाई करू नये. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करावे आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्यावी.

```
tracert -d 1.1.1.1
```

पहिल्या ओळीत आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. दुसऱ्या ओळीत पुन्हा `192.168` ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर आपल्या राउटरच्या पुढे बहुधा आणखी एक राउटर आहे आणि पुरवठादाराशी होणारी जोडणी तोच सांभाळतो आहे. अशा वेळी आपला राउटर निर्धास्तपणे रिसेट करावा, कारण त्याला आपोआप पत्ता मिळतो आणि इंटरनेटसाठी सहसा काही भरावे लागत नाही. `10` ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास मात्र हा निष्कर्ष काढू नये. पुरवठादाराच्या आतल्या जाळ्यातही असे पत्ते वापरले जातात.

त्यानंतरची चाचणी पाकिटाच्या आकाराची आहे. साध्या जोडणीत एका वेळी जास्तीत जास्त १५०० बाइटचे पाकीट जाते. पीपीपीओईमध्ये त्यांतील ८ बाइट त्या पद्धतीच्या स्वतःच्या मथळ्यांसाठी खर्च होतात आणि १४९२ उरतात. पिंगच्या पाकिटावर आणखी २८ बाइटचे मथळे असतात, म्हणून पाठवायचा आकडा १४९२ वजा २८, म्हणजे १४६४ येतो.

```
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
```

पहिल्या आज्ञेला नेहमीसारखे उत्तर आले, तर जोडणी बहुधा साधी आहे. पहिलीला `Packet needs to be fragmented but DF set.` असा संदेश आला किंवा उत्तरच आले नाही, आणि दुसरीला मात्र सुरळीत उत्तर आले, तर १४६५ हा आकडा टाकून पाहावा. १४६४ जाते आणि १४६५ अडते असे दिसले, तर जोडणी पीपीपीओईची आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. उलट बाजूची खात्री इतकी पक्की नाही, कारण काही पुरवठादार पीपीपीओईवरही पूर्ण १५०० बाइट जाऊ देतात. त्यामुळे पहिली आज्ञा यशस्वी झाली तरी पुरवठादाराला जोडणीचा प्रकार विचारून घेणेच शहाणपणाचे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. एका लहान कार्यालयातील राउटरचा पत्ता कोणीतरी बदलून `192.168.10.1` केलेला आहे, प्रिंटरला `192.168.10.50` हा पत्ता प्रिंटरमध्येच कायमचा भरलेला आहे, आणि कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेरून पाहता यावे म्हणून एक पोर्ट उघडलेले आहे. ज्यांनी हे बसवले ते आता तेथे नाहीत. `tracert` च्या दुसऱ्या ओळीत `10` ने सुरू होणारा पत्ता येतो, म्हणजे त्यावरून काही ठरत नाही. पिंगमध्ये १४७२ अडते, १४६४ जाते आणि १४६५ पुन्हा अडते. येथे पीपीपीओई आहे आणि तिसरा पासवर्ड मिळवल्याशिवाय बटण दाबणे म्हणजे कार्यालयाचे इंटरनेट आपल्या हाताने बंद करणे होय.

तिसरा पासवर्ड आधी संगणकावर तपासावा

पीपीपीओईचे युजरनेम बहुधा जोडणी घेताना आलेल्या ईमेलमध्ये, संदेशात किंवा बिलावर असते. पासवर्ड तेथे असेलच असे नाही, आणि असला तरी मधल्या काळात बदललेला असू शकतो. पुरवठादाराच्या मदत केंद्रात विचारल्यास ते बहुतेकदा जुना पासवर्ड सांगण्याऐवजी नवा तयार करून देतात. नवा पासवर्ड लागू झाल्यावरही राउटरची चालू असलेली जोडणी सहसा लगेच तुटत नाही, परंतु वीज गेली की राउटर जुन्या पासवर्डने जोडू पाहतो आणि नाकारला जातो. म्हणून नवा पासवर्ड मागितल्यावर उरलेले काम त्याच बैठकीत पूर्ण करावे.

मिळालेली माहिती बरोबर आहे की नाही हे राउटर रिसेट करून तपासण्याचे कारण नाही. राउटर बंद करावा, त्याच्या वॅन पोर्टमधली तार काढून ती संगणकाच्या नेटवर्क पोर्टमध्ये लावावी आणि काही मिनिटे थांबावे. विंडोजच्या `Network and Sharing Center` मध्ये `Set up a new connection or network` निवडून `Broadband (PPPoE)` पर्यंत जावे आणि युजरनेम व पासवर्ड भरावा. संगणक थेट बाहेरच्या जाळ्याला जोडला जाणार असल्याने त्याचा फायरवॉल चालू आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

जोडणी झाली तर माहिती बरोबर आहे. `691` ही त्रुटी आली तर पलीकडचा सर्व्हर ऐकतो आहे पण ओळख मान्य करत नाही: पासवर्ड चुकला आहे, किंवा राउटरने केलेली आधीची जोडणी पलीकडे अजून जिवंत समजली जात आहे. अचानक वीज काढल्यावर राउटर निरोप घेत नाही, त्यामुळे सर्व्हरला तो गेल्याचे कळायला थोडा वेळ लागतो. `651` आली तर पलीकडून उत्तरच येत नाही. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नसतो. तार किंवा पोर्ट पाहावे आणि पुरवठादाराला व्हीलॅनचा क्रमांक लागतो का, ते विचारावे. व्हीलॅन लागत असेल तर ही चाचणी साध्या संगणकावर यशस्वी होणार नाही, तेवढी तिची मर्यादा आहे.

आपल्या उदाहरणातील कार्यालयात कागदावर सापडलेल्या पासवर्डने `691` येते. दहा मिनिटे थांबूनही तेच येते, म्हणजे जुन्या जोडणीचा दोष नाही. पुरवठादाराकडून नवा पासवर्ड घेतल्यावर संगणक जोडला जातो. आता बटण दाबायला हरकत नाही.

त्याआधी वायफायचे नाव आणि पासवर्ड मात्र टिपून घ्यावेत. वायफायने पूर्वी जोडलेल्या विंडोज संगणकावर पुढील आज्ञेने, नावाच्या जागी आपले नाव घालून, `Key Content` या ओळीत पासवर्ड दिसतो.

```
netsh wlan show profile name="MyWiFi" key=clear
```

रिसेटनंतर अक्षरशः तेच नाव, तोच पासवर्ड आणि तोच सुरक्षा प्रकार ठेवला, तर प्रत्येक फोन, टीव्ही व कॅमेरा पुन्हा जोडत बसावे लागत नाही. नावातील लहान-मोठी अक्षरे आणि रिकाम्या जागाही जशाच्या तशा असाव्या लागतात.

बटण

राउटर चालू असताना, सरळ केलेल्या कागदी क्लिपच्या टोकाने बटण दाबून धरावे. बहुतेक राउटरना सुमारे १० सेकंद लागतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. घड्याळापेक्षा दिव्यांवर लक्ष ठेवणे बरे: सगळे दिवे एकदम लागले किंवा पॉवरचा दिवा भराभर लुकलुकू लागला की बोट काढावे. काही राउटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय, आणि रिसेट यांना एकच बटण असते. तेथे थोडा वेळ दाबल्यास फक्त डब्ल्यूपीएस सुरू होते आणि रिसेट झाल्याचा भास होतो.

त्यानंतर दोन-तीन मिनिटे राउटरला हात लावू नये, विशेषतः वीज काढू नये. रिसेट खरोखर झाला की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वायफायचे जुनेच नाव दिसत असेल तर राउटर केवळ पुन्हा सुरू झाला आहे, आणि बटण अधिक वेळ धरायला हवे. नाव बदलून लेबलवरचे दिसू लागले तर काम झाले. वीज चालू, मग बंद, मग पुन्हा चालू अशा तिन्ही टप्प्यांत प्रत्येकी ३० सेकंद बटण न सोडता धरून ठेवण्याचा जुना सल्ला अजून फिरत असतो. साध्या रिसेटसाठी त्याची गरज नाही.

पुन्हा आत जाताना

पहिली भेट तारेने घ्यावी. संगणक राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे आतल्या उपकरणांसाठीच्या पोर्टला, जोडून `ipconfig` चालवावे आणि `Default Gateway` समोरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. जुना पत्ता सवयीने टाकू नये. उदाहरणातील राउटर आता `192.168.0.1` वर उत्तर देतो आहे. संगणकाला पूर्वी स्थिर पत्ता दिलेला असेल तर तो आपोआप मिळण्यावर ठेवावा, नाहीतर पान उघडणारच नाही. फोनवरून काम करायचे असेल तर मोबाइल डेटा बंद करावा. वायफायला इंटरनेट नाही असे पाहून फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि राउटरचे पान सापडत नाही.

नवा ॲडमिन पासवर्ड तयार झाल्यावर वॅनच्या पानावर जावे. तेथे मूळ निवड सहसा `Dynamic IP` असते. ती बदलून `PPPoE` करावी, युजरनेम व पासवर्ड भरावा आणि जोडणीची स्थिती पाहावी. वॅनच्या पत्त्याजागी `0.0.0.0` राहिले तर वर सांगितलेलाच भेद लावावा: ओळख नाकारली की उत्तरच नाही? संगणकावर तीच माहिती चालली होती, त्यामुळे टंकलेखनातील चूक किंवा संगणकाची अजून न सुटलेली जोडणी हीच पहिली कारणे तपासावीत.

`Dynamic IP` हाच योग्य प्रकार असूनही पत्ता मिळत नसेल, तर पुरवठादाराने एखादा ठरावीक मॅक पत्ता बांधून ठेवलेला असू शकतो. जुन्या रचनेत राउटरने कोणत्या तरी संगणकाचा मॅक पत्ता उसना घेतला होता आणि रिसेटने तो गेला, असे यात घडते. त्या संगणकावरून सेटिंग उघडून मॅक क्लोनचा पर्याय वापरावा किंवा पुरवठादाराला बांधणी नव्याने करायला सांगावे.

आणखी एक फसवी परिस्थिती पुढे दुसरा राउटर असताना येते. रिसेटनंतर आपल्या राउटरचा पत्ता मूळ `192.168.1.1` झाला आणि पुढचा राउटरही तोच पट्टा वापरत असेल, तर आत आणि बाहेर एकच जाळे असल्याने वाहतूक अडते, जरी सगळे दिवे हिरवे असले तरी. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात. जे बदलत नाहीत त्यांचा लॅन पत्ता आपण `192.168.10.1` यांसारखा करावा.

कार्यालयाच्या राउटरचा पत्ताही `192.168.10.1` वर परत नेला, तेव्हा प्रिंटरला काही न करता छपाई सुरू झाली, कारण प्रिंटर आपल्या जुन्याच पत्त्यावर वाट पाहत होता. कॅमेऱ्यांचे पोर्ट मात्र नव्याने उघडावे लागले. त्यासाठीचा क्रमांक चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मिळाला. बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय बंदच ठेवली.

हाच प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून सेटिंगची प्रत संगणकावर उतरवून ठेवण्याचा पर्याय जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये `Backup` या नावाने असतो. त्यात एक खाच आहे. अनेक राउटरमध्ये या प्रतीत ॲडमिन पासवर्डही असतो, म्हणून रिसेटनंतर जुनी प्रत चढवली की विसरलेला पासवर्डच परत लागू होतो आणि आपण पुन्हा दाराबाहेर राहतो. त्यामुळे प्रत नवा पासवर्ड ठरवल्यानंतरच काढावी, आणि फाइलच्या नावात तारीख व फर्मवेअरची आवृत्ती लिहावी, कारण दुसऱ्या मॉडेलवर ती चालत नाही आणि फर्मवेअर बदलल्यावर कधीकधी नाकारली जाते. ॲडमिन पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये राउटरच्या पत्त्याऐवजी ओळखता येईल अशा नावाने जपावा, आणि पीपीपीओईचे युजरनेम व पासवर्ड त्याच नोंदीत लिहून ठेवावेत. प्रतीची फाइल काही राउटरमध्ये सहज वाचता येते आणि तीत हे सारे पासवर्ड असतात, त्यामुळे ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नये.